चंद्रपूरची वीज मुंबईपर्यंत: अतिउच्चदाब पारेषणाची प्रस्तावना

महाराष्ट्रातील दगडी कोळसा राज्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या खोऱ्यात सापडतो, तर विजेची सर्वांत दाट मागणी पश्चिम टोकाला, मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा खातो, म्हणजे जवळजवळ दोन मालगाड्या. एवढा कोळसा रोज सह्याद्रीपलीकडे वाहून नेण्यापेक्षा तो खाणीच्या तोंडाशी जाळावा आणि त्याची वीज तारेने पाठवावी, हा विचार या केंद्राच्या जागेच्या निवडीमागे आहे. मात्र तो विचार व्यवहारात उतरण्यासाठी एक अट पूर्ण व्हावी लागते: चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंतच्या सुमारे ७५० किलोमीटरच्या वाटेत विजेचा अगदी थोडा भाग वाया गेला पाहिजे. ही अट कशी पूर्ण होते, ती पूर्ण करताना कोणत्या नव्या अडचणी ओढवतात आणि त्यांची किंमत कोठे मोजावी लागते, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

तारेत वीज वाया जाते ती मुख्यतः उष्णतेच्या रूपाने. कोणत्याही धातूच्या तारेला काही विद्युतरोध असतो, म्हणजे ती प्रवाहाला थोडा अडथळा करते, आणि तो ओलांडताना प्रवाहाची काही ऊर्जा तार तापवण्यात खर्च होते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर तोटा चौपट होतो, दहापट झाला तर शंभरपट. याउलट तारेतून जाणारी शक्ती ही दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार असते. त्यामुळे तीच शक्ती दहापट दाबाने पाठवली, तर प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि त्याच तारेतील तोटा शंभराव्या हिश्श्यावर येतो. संपूर्ण पारेषणशास्त्र, म्हणजे वीज मोठ्या प्रमाणात दूरवर नेण्याचे शास्त्र, या एका वर्गाभोवती उभे राहिले आहे.

येथे अभ्यासकाचा एक गोंधळ हमखास होतो आणि तो आरंभीच दूर करणे बरे. शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाप्रमाणे दाब वाढला की प्रवाह वाढतो. मग येथे दाब वाढवल्यावर प्रवाह कमी कसा होतो, असा प्रश्न पडतो. उत्तर असे की ओहमच्या नियमातील दाब हा त्या तारेच्या दोन टोकांमधला फरक असतो, आणि वाहिनीचा म्हणून जो दाब सांगितला जातो तो एका तारेचा दुसऱ्या तारेशी असलेला फरक असतो. पहिल्या फरकातून तार तापते, दुसऱ्याच्या आधारे शक्ती पलीकडे पोचते. चांगली वाहिनी म्हणजे जिच्यात दुसऱ्याच्या तुलनेत पहिला अगदी लहान राहतो ती.

हिशेब प्रत्यक्ष करून पाहिला म्हणजे या वर्गाचे वजन कळते. ५०० मेगावॅटच्या संचाचे जनित्र साधारण २१ किलोव्होल्ट दाबाने वीज निर्माण करते, आणि महाराष्ट्रातील मोठ्या वाहिन्या ४०० किलोव्होल्टच्या, म्हणजे तोंडी व्यवहारातल्या चारशे केव्हीच्या, असतात. सोपेपणासाठी असे धरावे की एका संचाची सगळी शक्ती एकाच तीन-फेजी वाहिनीवरून ७०० किलोमीटर जाते आहे. वास्तवात वाटेतल्या उपकेंद्रांतून वीज उतरत आणि मिसळत जाते, पण हिशेबाचा मथितार्थ त्याने बदलत नाही. अशा वाहिनीत प्रत्येक फेजसाठी ‘मूस’ जातीच्या दोन जाड तारा शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. मूस तारेच्या मध्यभागी ताण सोसण्यासाठी पोलादाचे ७ धागे आणि त्यांच्याभोवती वीज वाहण्यासाठी अॅल्युमिनियमचे ५४ धागे पिळलेले असतात, आणि दोन तारांचा मिळून रोध चालत्या तापमानाला किलोमीटरमागे साधारण ०.०३ ओहम भरतो. ७०० किलोमीटरचा २१ ओहम. चारशे केव्हीला ५०० मेगावॅटसाठी प्रत्येक फेजमध्ये सुमारे ७२२ अँपियर प्रवाह लागतो आणि तिन्ही फेज मिळून तोटा जवळजवळ ३३ मेगावॅट, म्हणजे पाठवलेल्या शक्तीच्या साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतो. तीच शक्ती २२० केव्हीने पाठवली असती, तर याच तारांत शंभराहून अधिक मेगावॅट जळून गेले असते.

आता जनित्राचा २१ केव्ही दाब न वाढवता ती वीज तशीच पाठवायची ठरवली, तर काय होईल? प्रवाह एकोणीसपट, म्हणजे सुमारे १३,७०० अँपियर लागेल आणि तोटा ३६३ पट होईल. हा आकडा पाठवायच्या शक्तीच्या वीस पटींहून मोठा येतो, अर्थात ही गोष्ट अशक्य आहे. २१ केव्हीला त्या तारांतून पलीकडे जास्तीत जास्त पाच मेगावॅटच्या आसपास शक्ती पोचेल, आणि तेवढीच वाटेत जळेल. अडचण तारा जाड करून सोडवायची म्हटले, तर मूळ वाहिनीत साधारण सहा हजार टन अॅल्युमिनियम लागते, त्याच्या जागी बावीस लाख टन लागेल. दाब वाढवणे ही सोय नसून येथे दुसरा मार्गच नाही, ते यावरून दिसते.

दाब वाढवण्याचे आणि पुढे उतरवण्याचे काम रोहित्र करते. त्याची रचना तत्त्वतः साधी आहे: पातळ पोलादी पत्र्यांचा एक बंद गाभा आणि त्यावर एकमेकांपासून अलग अशी तारेची दोन वेटोळी. पहिल्या वेटोळ्यात प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तने करीत दिशा बदलणारा, प्रवाह सोडला की गाभ्यात तसेच बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे ते बदलते क्षेत्र दुसऱ्या वेटोळ्याच्या प्रत्येक फेऱ्यात ठरावीक दाब निर्माण करते. फेरे जितके पट, दाब तितके पट. दुसऱ्या बाजूने प्रवाह वाहू लागला की तो गाभ्यातील क्षेत्राला विरोध करतो, ते क्षेत्र टिकवण्यासाठी पहिले वेटोळे जनित्राकडून तेवढा अधिक प्रवाह ओढते, आणि अशा रीतीने एकही तार न जोडता शक्ती एका बाजूकडून दुसरीकडे जाते. चंद्रपूरसारख्या केंद्रात २१ चे ४०० केव्ही करताना फेऱ्यांचे गुणोत्तर एकोणीस असावे असे वाटते, पण ते अकराच्या आसपास पुरते. कारण उच्चदाब बाजूची तीन वेटोळी ‘स्टार’ पद्धतीने, म्हणजे एकेक टोक एका सामाईक बिंदूला बांधून जोडलेली असतात, आणि त्या जोडणीत दोन फेजांमधला दाब एका वेटोळ्याच्या दाबाच्या १.७३ पट मिळतो. उच्चदाब वेटोळ्यावरचे आवेष्टन त्यामुळे तितके हलके करता येते.

रोहित्राने काय साधले ते एकोणिसाव्या शतकातील दोन प्रयोग शेजारी ठेवले की स्पष्ट होते. १८८२ मध्ये मार्सेल देप्रे या फ्रेंच अभियंत्याने मीसबाखहून म्यूनिकला, ५७ किलोमीटरवर, तारायंत्राच्या लोखंडी तारेतून एकदिश प्रवाहाची वीज पाठवली. दाब दोन हजार व्होल्टच्या आसपास होता, कारण एकदिश जनित्रातून त्याहून फार मोठा दाब मिळवणे अवघड होते आणि तो नंतर वाढवण्याचा सोपा उपाय नव्हता. परिणामी बहुतेक शक्ती वाटेतच संपली. १८८५ मध्ये बुडापेस्ट येथील झिपेर्नोव्स्की, डेरी आणि ब्लाथी यांनी बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी रोहित्र बनवले. पुढे १८९१ मध्ये लाउफेन येथील नेकार नदीवरच्या जलविद्युत जनित्राची वीज फ्रांकफुर्टच्या विद्युत प्रदर्शनापर्यंत, १७५ किलोमीटरवर, सुमारे पंधरा हजार व्होल्टने नेली गेली. अंतर तिप्पट, तारा जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या, आणि तरीही तीन-चतुर्थांश शक्ती पोचली. महाराष्ट्रात या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग १९१५ मध्ये झाला, जेव्हा टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातील वीज एक लाखाच्या आसपास व्होल्टच्या दाबाने सुमारे सत्तर किलोमीटरवरील मुंबईच्या गिरण्यांकडे वाहू लागली. फ्रांकफुर्टच्या प्रयोगाला तेव्हा पाव शतकही झाले नव्हते.

रोहित्र मात्र स्वतः थोडी वीज खातेच. गाभ्याचे पोलाद सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट चुंबकित होताना तापते, आणि गाभा एकसंध असता तर त्याच्या आतही प्रवाहाचे भोवरे फिरले असते; म्हणून तो सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाच्या, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही पातळ आणि एकमेकांपासून विलग केलेल्या पत्र्यांनी बांधतात. हा लोखंडी तोटा भार असो वा नसो, रोहित्र जोडलेले असेपर्यंत चालू राहतो. तांब्याच्या वेटोळ्यांतला तोटा मात्र भारानुसार, पुन्हा प्रवाहाच्या वर्गाने, बदलतो. मोठ्या रोहित्रात दोन्ही मिळून पूर्ण भाराच्या अर्ध्या टक्क्याच्या आत राहतात. तरी एका ५०० मेगावॅटच्या संचाच्या रोहित्रांत दीड मेगावॅट वाया गेले, तर ते एका बंद टाकीत दीड हजार विद्युत शेगड्या पेटवून ठेवण्यासारखे आहे. म्हणूनच वेटोळी खनिज तेलात बुडवलेली असतात. ते तेल उष्णता बाहेरच्या शीतकांपर्यंत नेते आणि त्याच वेळी दाबाला रोधकाचेही काम करते.

या तेलामुळेच रोहित्राच्या आतला बिघाड झाकण न उघडता ओळखता येतो, आणि हा भाग सर्वसाधारण पुस्तकांत जितका येतो त्याहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. वेटोळ्यांवर गुंडाळलेला कागद आणि तेल अति तापले किंवा त्यांत ठिणग्या पडल्या की त्यांचे रेणू तुटून वायू तयार होतात आणि तेलात विरघळतात. ठरावीक काळाने तेलाचा नमुना काढून हे वायू मोजले जातात. हायड्रोजन वाढला तर आत बारीक विद्युतगळती चालू असण्याचा संशय येतो, इथिलीन तेल स्थानिक पातळीवर फार तापल्याचे सांगते, कार्बन मोनॉक्साइड कागद जळू लागल्याकडे बोट दाखवतो, आणि अॅसिटिलीन थोड्या प्रमाणातही दिसला तर आत प्रखर ठिणगी पडते आहे असे समजून रोहित्र सेवेतून काढण्याचा विचार करावा लागतो. एका नमुन्यावरून सहसा निर्णय होत नाही. महत्त्व असते ते पूर्वीच्या नमुन्यांच्या तुलनेत वायू किती वेगाने वाढला याला. वायू इतक्या जोराने सुटला की बुडबुडे वर येऊ लागले, तर टाकी आणि वरचे तेलपात्र यांच्यामधल्या नळीतील बुखोल्झ रिले ते अडवून आधी इशारा देतो, आणि तेलाचा लोंढाच आला तर रोहित्र आपोआप वेगळे करतो. जर्मन अभियंता माक्स बुखोल्झ यांची शंभर वर्षांपूर्वीची ही यांत्रिक युक्ती आजही बदलावीशी वाटलेली नाही.

दाबाच्या वर्गाचा एवढा लाभ असताना तो वाटेल तितका का वाढवत नाहीत, याचे पहिले उत्तर हवेत आहे. उघड्या तारांना विलग ठेवणारी वस्तू हवाच असते, आणि तारेच्या पृष्ठभागाजवळ विद्युतक्षेत्र सेंटिमीटरमागे साधारण तीस किलोव्होल्टच्या शिखराला पोचले की हवा फुटून वाहक बनू लागते. या घटनेला कोरोना म्हणतात. पावसाळ्यात चारशे केव्हीच्या वाहिनीखाली जी चरचर ऐकू येते ती तिचीच, कारण तारेवरच्या थेंबांच्या टोकांशी क्षेत्र अधिक तीव्र होते. तार जितकी बारीक तितके तिच्या पृष्ठभागावरचे क्षेत्र तीव्र. म्हणून एका फेजसाठी एक तार न वापरता दोन तारा सुमारे ४५ सेंटिमीटर अंतरावर बांधतात, म्हणजे दोघी मिळून क्षेत्राच्या दृष्टीने एका खूप जाड तारेसारख्या वागतात. ७६५ केव्हीला अशा चार किंवा सहा तारा लागतात. दाबासोबत रोधकांच्या माळा लांबतात, मनोरे उंचावतात आणि वाहिनीखाली मोकळा ठेवायचा जमिनीचा पट्टा रुंदावतो. चारशे केव्हीला तो सुमारे पन्नास मीटर, तर ७६५ केव्हीला साठाहून अधिक लागतो. शेतजमिनीतून असा पट्टा मिळवणे हे आज अनेक ठिकाणी तारांच्या किमतीपेक्षा कठीण काम झाले आहे.

दुसरे उत्तर अंतरात आहे आणि ते अधिक सूक्ष्म आहे. लांब वाहिनीच्या तारा आणि जमीन मिळून एक विस्तीर्ण विद्युतधारित्र तयार होते. प्रत्यावर्ती दाब सेकंदाला पन्नास वेळा फिरत असल्याने ते सतत भरत आणि रिकामे होत राहते, त्यासाठी भार नसतानाही प्रवाह वाहतो, आणि त्यातून ग्राहकाला एक युनिटही मिळत नाही. उलट तारांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वाहत्या प्रवाहाला अडवते आणि दाब खाली ओढते. एका विशिष्ट भाराला हे दोन परिणाम एकमेकांना तंतोतंत फेडतात आणि दाब वाहिनीभर जवळजवळ समान राहतो. हा त्या वाहिनीचा स्वाभाविक भार होय. दुहेरी मूस तारांच्या चारशे केव्ही वाहिनीसाठी तो सुमारे ५१५ मेगावॅट येतो, म्हणजे वरच्या हिशेबातील एका संचाएवढा. भार त्याहून बराच कमी झाला, जसे पावसाळ्याच्या रात्री होते, तर तारांचे धारित्र वरचढ ठरते आणि दूरच्या टोकाचा दाब पाठवणाऱ्या टोकापेक्षाही चढतो. हा फेरांटी परिणाम. ३५० किलोमीटरची वाहिनी दूरच्या टोकाला उघडी ठेवली, तर ४०० केव्हीचे तेथे सुमारे ४३० होतात, आणि उपकरणांची मर्यादा ४२० ची असते. यावर उपाय म्हणून वाहिनीच्या टोकांना रिअॅक्टर, म्हणजे रोहित्रासारखे दिसणारे पण एकच वेटोळे असणारे यंत्र, जोडतात, जे तो जादा प्रवाह शोषून घेते. लांब अंतरावर प्रत्यावर्ती पारेषणाची खरी मर्यादा तारेच्या तापण्याने येण्याआधीच दाबाच्या या चढउताराने आणि दोन टोकांची जनित्रे एका ठेक्यात राखण्याच्या अडचणीने येते. उष्णतेच्या हिशेबावर थांबणारे विवेचन म्हणून अपुरे पडते.

चंद्रपूर-पडघे वाहिनीची निवड येथे समजते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या ७५२ किलोमीटरच्या मार्गावर उभारलेली ±५०० केव्हीची वाहिनी एकदिश प्रवाहाची आहे: एका ध्रुवावर जमिनीच्या वर पाचशे केव्ही, दुसऱ्यावर तितकेच खाली, आणि १५०० अँपियर प्रवाहात १५०० मेगावॅट. स्थिर दाबाला तारांचे धारित्र एकदाच भरावे लागते, त्यामुळे फेरांटी परिणाम उरत नाही. दोन टोकांच्या जनित्रांनी एका ठेक्यात फिरण्याची गरज त्या वाहिनीपुरती राहत नाही. आणि तीनऐवजी तारांचे दोनच संच टांगावे लागतात. देप्रे यांना जे जमले नाही ते येथे जमले, कारण दाब रोहित्रानेच वाढवला जातो आणि त्यानंतर थायरिस्टर नावाच्या अर्धवाहक झडपांनी प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश केला जातो. पडघ्याला हीच क्रिया उलट होते. दोन्ही टोकांच्या या परिवर्तन केंद्रांचा खर्च मोठा असतो आणि प्रत्येक टोकाला एका टक्क्याहून थोडी कमी शक्ती तेथेच जाते, म्हणून साधारण सहाशे ते आठशे किलोमीटरच्या आत खांबांवरच्या वाहिनीसाठी एकदिश पद्धत परवडत नाही. शिवाय अशा वाहिनीतून वाटेतल्या एखाद्या तालुक्याला वीज उतरवून देणे सोपे नसते; ती मराठवाड्यावरून नुसती निघून जाते.

आता शेवटच्या टोकाकडे. महाराष्ट्राच्या पारेषण जाळ्यातील तोटा गेल्या काही वर्षांत तीन-साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. वितरणातील तोटा त्याच्या कित्येक पट आहे, आणि त्यात चोरी व मोजणीतील त्रुटींचा वाटा वगळला तरी तो मोठाच उरतो. कारण पुन्हा तोच वर्ग. पाच अश्वशक्तीचे वीस कृषिपंप एकाच डीपीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वितरण रोहित्रावर, ४१५ व्होल्टच्या लांब तारांनी जोडले, तर त्या तारांच्या आरंभी दीडशेच्या आसपास अँपियर वाहतात. तीच वीज ११ केव्हीने पंपांपर्यंत नेली, तर सहा अँपियरही पुरेसे होतात आणि तेवढ्याच तारेतील उष्णता सातशेव्या हिश्श्यावर येते. एक-दोन पंपांमागे १० किंवा १६ केव्हीएचे एक लहान रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली या गणितावर आधारलेली आहे. पण एका मोठ्या रोहित्राच्या जागी दहा लहान रोहित्रे आली की दहा गाभे तापत राहतात, पंप बंद असले तरी, वाहिनीत वीज आहे तितका वेळ. वाचलेल्या उष्णतेतून हा लोखंडी तोटा आणि रोहित्रांची किंमत वजा केल्यावर किती उरते, हे त्या शिवारातील तारांच्या लांबीवर आणि पंप वर्षाला किती तास चालतात यावर ठरते.